‘जोडीदाराचा व्यवसाय’ : घरकामाचा आदर म्हणजे नेमके काय?

अमेरिकेत दरवर्षी १५ एप्रिलच्या आत प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे लागते. पती-पत्नीने ते संयुक्तपणे भरले, तर शेवटी दोघांच्याही सह्या होतात आणि सहीच्या शेजारी दोघांचाही व्यवसाय विचारलेला असतो. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्याच्या रकान्यात हुद्दा लिहिला जातो. त्याच्या खालच्या रकान्यात, ‘जोडीदाराचा व्यवसाय’ या प्रश्नापुढे, करसल्लागार बहुधा न विचारताच एक शब्द टाकून मोकळा होतो : होममेकर. ज्या व्यक्तीने वर्षभर ते घर चालवले, तिच्या कामाची त्या वर्षातली ही बहुधा एकमेव लेखी नोंद असते.

परदेशातल्या अनेक मराठी घरांतली घुसमट या रकान्याएवढी लहान आणि तेवढीच खोल आहे. तिथे पती वाईट वागत नसतो. तो आभार मानतो, वाढदिवसाला भेट आणतो, मित्रांसमोर स्वयंपाकाची तारीफही करतो. तरीही ‘मी या घरात कुणाला दिसतच नाही’ असे तिला वाटत राहते आणि त्याला ते वाटणे समजत नाही. कौतुक आणि दखल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतल्याशिवाय ते समजणारही नाही. (इथे गृहिणी स्त्री आहे असे धरले आहे, कारण बहुसंख्य घरांत तसे आहे. पत्नीच्या व्हिसावर आलेले आणि घर सांभाळणारे पुरुषही आहेत. त्यांना हे सारे तसेच लागू पडते, किंबहुना नातेवाइकांच्या प्रश्नांमुळे थोडे अधिकच.)

साक्षीदार नसलेले काम

घरकाम भारतातही विनावेतनच असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरच्या विनावेतन कामात भाग घेणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर पुरुष ८८ मिनिटे. पण पुण्या-नाशिकच्या मध्यमवर्गीय घरात या कामाला साक्षीदार असतात. धुण्याभांड्याला बाई येतात, पोळ्यांना कुणी येते, शेजारच्या काकू डोकावतात, सासू किंवा आई येऊन-जाऊन असते. काम वाटले जाते, शिवाय ते पाहिले जाते. ‘आज फार दगदग झाली हो तुझी’ हे वाक्य दुसऱ्या एखाद्या बाईच्या तोंडून सहज येते.

न्यू जर्सीतल्या किंवा टेक्सासमधल्या घरात ही सारी माणसे एकदम नाहीशी होतात आणि त्या सर्वांची कामे एकाच व्यक्तीकडे येतात. नवरा सकाळी बाहेर पडतो, नाहीतर दार लावून मीटिंगला बसतो. संध्याकाळी घर आवरलेले असते. घरकामाची अडचण हीच, की ते चोख झाले तर दिसत नाही. चुकले की मात्र लगेच दिसते.

त्यातच व्हिसाची भर पडते. एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला नोकरी करता येत नाही. मे २०१५ पासून काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला, पण त्यासाठी नोकरी करणाऱ्याचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला असावा लागतो किंवा त्याला सहा वर्षांपलीकडची विशिष्ट मुदतवाढ मिळालेली असावी लागते. तोवर आठ-दहा वर्षे नोकरी केलेली स्त्रीही कायद्याने घरीच असते. परवाना नसेल तर सर्वसाधारणपणे सोशल सिक्युरिटी क्रमांकही मिळत नाही. घराचा भाडेकरार, विजेचे बिल आणि मोबाइलचे खाते पतीच्या नावावर असते. म्हणजे ‘दिसत नाही’ ही तक्रार निव्वळ भावनेची नसते. कागदोपत्री ती अक्षरशः खरी असते.

कायद्याला दिसते, पण उशिरा

कायद्याने या कामाची दखल घेतली आहे, पण कधी, ते पाहण्यासारखे आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये एका रस्ते अपघाताच्या भरपाईचा निकाल देताना गृहिणीच्या कामाला आर्थिक मूल्य आहे आणि तिचे काल्पनिक उत्पन्न धरलेच पाहिजे, असे स्पष्ट केले. न्या. एन. व्ही. रमणा यांनी त्यावर सहमतीचे स्वतंत्र निकालपत्र लिहिले. न्यू जर्सीच्या घटस्फोटविषयक कायद्यातही मालमत्तेची वाटणी करताना गृहिणी म्हणून दिलेले योगदान विचारात घ्यावे, असे नमूद आहे. थोडक्यात, गृहिणी मरण पावली की तिच्या कामाचा हिशेब होतो, नाहीतर लग्न मोडले की होतो. चालू संसारात तो करण्याची जबाबदारी कायद्याने कुणावर टाकलेली नाही. ती जोडीदारानेच घ्यायची असते.

ती घ्यायची म्हणजे तीन गोष्टी करायच्या : कामाचा न दिसणारा भाग पाहायचा, त्यातले काही काम पूर्णपणे आपल्याकडे घ्यायचे आणि पैशात व कागदावर तिचे स्थान पक्के करायचे.

डब्यामागचे काम

समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारित एक शोधनिबंध २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. घरकामातल्या डोक्याच्या भागाचे त्यांनी चार टप्पे पाडले : गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, निर्णय घेणे आणि झालेल्या गोष्टीवर लक्ष ठेवणे. निर्णयाच्या टप्प्यात नवरे बरोबरीने असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा बहुतेक वेळा बायकांकडेच असतो, असे त्यांना आढळले. हेच दोन टप्पे सर्वांत कमी दिसतात, कारण ते करताना माणूस काही करतो आहे असे वाटतच नाही.

मुलाच्या शाळेच्या डब्यावरून हे नीट कळते. अमेरिकेतल्या अनेक शाळांत ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ‘नट-फ्री’ वर्ग असतो. शेंगदाणा चालत नाही म्हटल्यावर मराठी स्वयंपाकघराचा अर्धा डबा बाद होतो. साबुदाण्याची खिचडी गेली, कूट घातलेली कोशिंबीर गेली, शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी गेली. चिक्की गेली आणि कूट घालून केलेली भेंडीही गेली. रविवारी संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या आईच्या डोक्यात मग असे चालू असते : कणीक दोन दिवसांची उरली आहे, बुधवारी वर्गाची सहल आहे म्हणजे फेकून देता येईल असा डबा हवा, गेल्या आठवड्यात इडली तशीच परत आली. हा पहिला टप्पा. मग काय देता येईल याची यादी, मग निवड, मग सकाळचा स्वयंपाक. दुपारी डबा उघडून किती उरले ते पाहायचे आणि का उरले ते मुलाकडून काढून घ्यायचे. हा शेवटचा टप्पा.

यातला सकाळचा वीस मिनिटांचा स्वयंपाक तेवढा नवऱ्याला दिसतो. म्हणून ‘उद्या डबा मी भरतो’ असे तो मनापासून म्हणतो आणि सकाळी विचारतो, ‘सांग ना, काय भरू?’ त्या प्रश्नासरशी चारपैकी तीन टप्पे पुन्हा तिच्याकडे येतात. त्याने मदत केलेली असते, तिच्या डोक्यावरचे काही उतरलेले नसते. वर ‘मी करतो म्हटलं तरी तुझी चिडचिड असतेच’ हे ऐकावे लागते.

मदत नको, जबाबदारी हवी

एडिसनमधले एक प्रातिनिधिक घर डोळ्यांसमोर आणू. तो सॉफ्टवेअर कंपनीत, ती एच-४ वर, मुलगी दुसरीत, मुलगा तीन वर्षांचा. दोघांनी ठरवले की सोमवार ते शुक्रवार मुलीचा डबा पूर्णपणे त्याचा. ‘पूर्णपणे’चा अर्थ त्यांनी आधी बोलून घेतला. कणीक संपते आहे हे त्याने ओळखायचे, सामान त्याने आणायचे, डबा रिकामा आला की नाही हेही त्यानेच पाहायचे. तिने फक्त एकदा बसून तिला माहीत असलेले सारे सांगायचे.

दुसरी गोष्ट त्यांनी ठरवली, ती किमान दर्जाची. ही पायरी गाळली की वाटणी हमखास मोडते. तिच्या मते डबा म्हणजे पोळी-भाजी, फळ आणि खाऊ. त्याच्या मते ब्रेड-जॅमही डबाच. वाद घालत बसण्यापेक्षा त्यांनी चार अटी लिहिल्या : शेंगदाणा व इतर कोणताही नट नसावा, जेवणाच्या सुट्टीत संपेल एवढेच असावे, एक फळ असावे, झाकण मुलीला स्वतः उघडता यावे. या चार अटी पाळल्या की आत काय आहे यावर तिने बोलायचे नाही.

पहिल्या आठवड्यात त्याने रात्रीच काकडीची कोशिंबीर करून ठेवली आणि सवयीने तीत कूट घातले. सकाळी डबा भरताना ते लक्षात आले, धावपळ झाली आणि मुलगी ब्रेड-लोणी घेऊन गेली. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या जिवाशी गाठ पडू शकते अशी ही चूक होती, म्हणून त्याने कुटाची बरणी फळीवरून हलवून वर ठेवली आणि डब्याच्या पदार्थांची यादी फ्रिजवर लावली. तिला ही खबरदारी पाच वर्षे न लिहिता डोक्यात ठेवावी लागली होती, हे त्याला तेव्हा कळले. तिसऱ्या आठवड्यात डबा अर्धा परत येऊ लागला. त्याने मुलीला विचारले, तर शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने भाजीच्या वासावरून नाक मुरडले होते. परदेशात मुले वाढवणाऱ्या आईला ओळखीचा असणारा हा प्रसंग त्याच्यासाठी नवा होता. आता भाजी बदलायची, की मुलीशी बोलायचे, की शिक्षिकेशी? त्या रात्री तो बराच वेळ विचार करत होता. घरकामातली झोप मोडणारी बाजू त्याला पहिल्यांदा दिसली.

या वाटणीतून तिचा सकाळचा जो वेळ वाचला, तो फार नव्हता. पण रविवारची संध्याकाळ मोकळी झाली. एक काम असे झाले, की त्याबद्दल तिला आठवण ठेवावी लागत नव्हती आणि आठवण करूनही द्यावी लागत नव्हती.

वाटणी बिघडते आहे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. काम त्याच्याकडे दिल्यानंतरही त्याविषयीचा प्रश्न तिला विचारला जात असेल, तर ते काम अजून तिचेच आहे. उलट बाजूची खूण अशी, की त्याने भरलेला डबा ती पुन्हा उघडून नीट लावत असेल, तर तिने ते काम सोडलेले नाही. वर्षानुवर्षे ज्या कामातच आपली ओळख उरली, ते काम सोडणे तिलाही जड जाते. हे समजून घेणे हाही आदराचाच भाग आहे. म्हणून एका वेळी एकच काम घ्यावे आणि ते किमान दोन-तीन महिने टिकवावे. पाच कामे घेऊन पंधरा दिवसांत परत करणाऱ्याने तिचा भार वाढवलेला असतो.

पगार नको, वाटा हवा

घरकामाचे पैसे मोजण्याची कल्पना अधूनमधून चर्चेत येते. स्वयंपाकी, आया आणि सफाई कामगार यांचे दर लावून बेरीज करायची आणि तेवढी रक्कम पत्नीला द्यायची, अशी ती कल्पना. आकडा समोर आला की काही नवरे चमकतात, एवढा तिचा उपयोग आहे. पण घरात पगार सुरू झाला की पगार देणारा मालक होतो. मग पोळी कडक झाली की ‘पैसे देतो ना’ हे वाक्य फार दूर राहत नाही. शिवाय रात्री तापलेल्या मुलाजवळ बसण्याचा दर कुणी ठरवायचा?

पगारापेक्षा वाटा अधिक सन्मानाचा असतो. जुलै २०२४ मध्ये पोटगीविषयीच्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना यांनी स्वतंत्र निकालपत्रात गृहिणीच्या आर्थिक असुरक्षिततेची दखल घेतली आणि पतीने संयुक्त बँक खाते, एटीएम कार्ड अशा मार्गांनी पत्नीला आर्थिक आधार द्यावा, असे म्हटले. परदेशातल्या घरात याची सोपी मांडणी करता येते. पगार संयुक्त खात्यात जमा व्हावा. घरभाडे, विमा, किराणा, बचत हे त्यातून जावे. उरलेल्यातून दोघांच्या स्वतंत्र खात्यांत सारखी रक्कम जावी, मग ती महिन्याला शंभर डॉलर असो वा पाचशे. त्या रकमेचा हिशेब कुणी कुणाला विचारू नये. रक्कम सारखी असणे महत्त्वाचे, कारण त्यातूनच ‘हे तुझ्या मेहनतीचे, हे माझ्या मेहनतीचे’ असे न म्हणता ‘हे आपल्या दोघांच्या मेहनतीचे’ असे म्हटले जाते.

खरी परीक्षा मात्र भारतात पाठवायच्या पैशांशी होते. अनेक घरांत त्याच्या आई-वडिलांना दरमहा रक्कम जाते आणि ती घरखर्चातच धरलेली असते. तिच्या आईचे डोळ्याचे ऑपरेशन निघाले की मात्र तिला ‘विचारावे’ लागते. तो नाही म्हणत नाही, पण विचारणे आणि होकाराची वाट पाहणे एवढ्यातच तिचे घरातले स्थान तिला कळून चुकते. दोन्हीकडच्या आई-वडिलांसाठीची तरतूद एकाच वेळी, एकाच तत्त्वाने ठरवली तर हे विचारणे संपते.

कागदावरचे नाव

शेवटची गोष्ट सर्वांत कोरडी वाटेल, पण दीर्घकाळ टिकणारी तीच आहे. क्रेडिट कार्डावर पत्नीला ‘ऑथराइज्ड युजर’ करणे आणि बँक खात्याची सहमालक करणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात तिला खर्च करता येतो, पण खाते त्याचेच राहते. दुसऱ्यात पैसा तिचाही असतो आणि त्याचे काही बरेवाईट झाले, तर संयुक्त खाते बहुधा तिच्या हाती चालू राहते. फक्त त्याच्या नावावरचे खाते मात्र कायदेशीर प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत अडकू शकते. घराच्या भाडेकरारावर आणि एखाद्या बिलावर तिचे नाव घालून घेतले, की ‘पत्त्याचा पुरावा’ मागितल्यावर तिला नवऱ्याचा कागद दाखवावा लागत नाही.

सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्या जोडीदारासाठी आयटिन नावाचा करक्रमांक असतो. त्याचा डब्ल्यू-७ अर्ज सहसा विवरणपत्रासोबत करावा लागतो. सलग तीन वर्षे कोणत्याही विवरणपत्रात वापरला नाही, तर तो बाद होतो. संयुक्त विवरणपत्र भरणाऱ्यांना आणखी एक वाट खुली आहे. ज्याला स्वतःचे उत्पन्न नाही असा जोडीदारही, दुसऱ्याच्या कमाईच्या आधारावर, स्वतःच्या नावाने निवृत्तीचे आयआरए खाते उघडू शकतो. २०२५ या वर्षासाठी पन्नाशीच्या आतल्या व्यक्तीला त्यात ७,००० डॉलरपर्यंत रक्कम भरता येत होती. करसवलत किती मिळेल हे उत्पन्नावर अवलंबून असते. काही वित्तसंस्था केवळ आयटिनवर खाते उघडत नाहीत, त्यामुळे आधी चौकशी करावी. पण या खात्याचे वैशिष्ट्य असे, की आयआरए संयुक्त असूच शकत नाही. त्यावर एकाच व्यक्तीचे नाव असते, आणि ते तिचे असते.

जे याने भरून येत नाही

या साऱ्याला मर्यादा आहेत. व्हिसामुळे थांबलेली कारकीर्द डब्याच्या वाटणीने परत मिळत नाही. ते दुःख वेगळे आहे आणि ‘तुला काय कमी आहे’ असे म्हणून ते मिटत नाही. त्याविषयी बोलताना उपाय सुचवण्याची घाई न करता ऐकून घेणे, एवढेच काही वेळा हातात असते. झोप उडणे, कशातच मन न लागणे, आठवडेच्या आठवडे उदास वाटणे अशी लक्षणे असतील, तर ती घरकामाच्या वाटणीची बाब राहत नाही. तिथे डॉक्टरांकडे जावे.

आणि चारचौघांतले बोलणे. पार्टीत कुणी विचारले, ‘वहिनी काय करतात?’, तर ‘काही नाही, घरीच असते’ हे उत्तर फार सहज तोंडून निघते. हे उत्तर देणाऱ्याला त्यात अपमान दिसत नाही. पण ज्याने दोन महिने एक डबा सांभाळला आहे, त्याच्या तोंडून ‘काही नाही’ हे दोन शब्द निघणे कठीण जाते. करसल्लागाराने पुढच्या एप्रिलमध्येही त्या रकान्यात तोच एक शब्द लिहिला, तरी सही करण्याआधी तो शब्द वाचणाऱ्याला त्याचा अर्थ माहीत असेल.